पहिल्या क्रमाच्या प्रेडिक्टरने कागदावर २६ डेसिबल फायदा दिला, पण परत उभारलेले तापमान भरकटते : डीपीसीएममध्ये हा फायदा कुठे जातो?

काटोलचा_बागाईतदार

नमस्कार मंडळी. काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत मी दर तासाला हवेचे तापमान नोंदवणारे, बॅटरीवर चालणारे एक यंत्र बसवले आहे. सेन्सर डीएस१८बी२० आहे आणि तो १२ बिटांत, ०.०६२५ अंशाच्या पायरीने वाचन देतो. दिवसभराची २४ वाचने रात्री एकाच पॅकेटमध्ये बागेतल्या घरावरच्या रिसीव्हरकडे जातात. पॅकेट जितके लहान, तितका वेळ रेडिओ कमी चालतो, म्हणून प्रत्येक वाचन पूर्ण पाठवण्याऐवजी मागच्या वाचनावरून पुढच्याचा अंदाज बांधून फक्त अंदाजातली चूक पाठवावी, म्हणजे डीपीसीएम वापरावे, असे मी ठरवले.

उन्हाळ्यातल्या नोंदींची सरासरी ३२ अंश आणि प्रमाण विचलन ५ अंश येते. लागोपाठच्या वाचनांच्या गुणाकारांची बेरीज वर्गांच्या बेरजेने भागली, तेव्हा सहसंबंध ०.९९८८ आला. तो खालच्या सूत्रात घातल्यावर फायदा सुमारे ४२० पट, म्हणजे २६.२ डेसिबल निघाला.

```
G = 1 / (1 - rho^2)
```

एका बिटाला ६ डेसिबल धरले तर चार बिट वाचायला हवेत. त्यानुसार मी १२ ऐवजी ८ बिट ठेवले, म्हणजे फरकाचे खालचे चार बिट सोडून दिले. पाठवणारे यंत्र आताच्या वाचनातून मागच्या वाचनाची ०.९९८८ पट वजा करते, उरलेला फरक ८ बिटांत पाठवते आणि रिसीव्हर उलट बेरीज करत जातो. पॅकेटमधले पहिले वाचन पूर्ण असल्यामुळे सुरुवात अचूक होते, पण पुढे आकडे सरकत जातात आणि काही दिवशी दोन-तीन अंशांचा फरक पडतो. दुसऱ्या दिवशीचे पॅकेट आले की पुन्हा सारे ठीक असते. २६ डेसिबल फायदा असताना असे का व्हावे?

हिंगणा_एम्बेडेड

०.९९८८ हा गुणक ठेवण्यात काही अर्थ नाही, तो सरळ १ करा. आताच्या वाचनातून मागचे वजा करा आणि तेवढेच पाठवा. इतक्या संथ बदलणाऱ्या सिग्नलला सर्वोत्तम गुणक आणि साधी वजाबाकी यांच्या फायद्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, आणि मायक्रोकंट्रोलरवरचा एक गुणाकारही वाचतो. आमच्या कारखान्यातल्या भट्टीच्या तापमानाला मी हीच पद्धत वापरतो आणि तिथे आकडे कधीच सरकलेले नाहीत. तुमचे भरकटणे त्या अपूर्णांकी गुणकामुळेच होत असणार.

कळमेश्वर_शेतीवाला

धागा वाचून उत्सुकता वाटली. माझ्याही शेतात रेडिओवर चालणारा सेन्सर आहे, पण विहिरीपलीकडच्या तुकड्यातून संदेश पोहोचत नाही. ही २६ डेसिबलची वाढ मिळाली तर माझा पल्ला वाढेल का? की त्यासाठी अँटेनाही बदलावा लागेल?

धरमपेठ_संकेतप्रक्रिया

कळमेश्वरवाले दादा, हे डेसिबल अँटेनाचे नाहीत. मूळ सिग्नलचा व्हेरियन्स आणि अंदाज वजा केल्यावर उरलेल्या चुकीचा व्हेरियन्स यांचे ते गुणोत्तर आहे. त्याने संदेशाची शक्ती वाढत नाही, फक्त त्यात कमी बिट लागतात. छोट्या पॅकेटमुळे बॅटरी वाचेल, आणि वाचलेल्या वेळात तुम्ही रेडिओ अधिक संथ वेगावर चालवलात तर थोडा पल्लाही मिळेल, पण तो आडवळणाचा लाभ झाला.

आता मूळ प्रश्न. बागाईतदार, तुमचे सूत्र बरोबर आहे, पण त्यात घातलेला सहसंबंध या कामाचा नाही. तुम्ही सरासरी वजा न करता गुणाकारांची बेरीज केली आहे. सरासरी ३२ असली की वर्गांची सरासरी १०२४ अधिक २५, म्हणजे १०४९ येते. त्यातले १०२४ केवळ हवा ३२ अंशांच्या आसपास असते एवढेच सांगतात, आणि ही गोष्ट रिसीव्हरला एकदा कळवली की पुन्हा पाठवावी लागत नाही. खरा चढउतार २५ चा आहे. तुमच्या आकड्यांवरून मागे गेले तर सरासरी काढून टाकलेला सहसंबंध ०.९५ निघतो, आणि तो सूत्रात घातल्यावर फायदा १०.२६ पट, म्हणजे १०.१ डेसिबल येतो.

हे ताडून पाहण्याची सोपी खूण अशी, की दोन्ही वेळी उरलेल्या चुकीचा व्हेरियन्स काढावा. सरासरीसकट गणित केले तर तो १०४९ भागिले ४२० म्हणजे साधारण २.५ येतो. सरासरी वजा करून केले तर २५ भागिले १०.२६ म्हणजे सुमारे २.४४ येतो. उरलेली चूक जवळजवळ तेवढीच राहिली, मग १६ डेसिबल कुठून आले? ते भागाकारातल्या वरच्या आकड्यातून आले, कारण तिथे सरासरीचा वर्ग बसला होता. उद्या हेच तापमान केल्व्हिनमध्ये मोजलेत तर या पद्धतीने फायदा आणखी कितीतरी फुगेल, पण एकही बिट जास्त वाचणार नाही.

हिंगण्याच्या मित्रांचे एक म्हणणे बरोबर आहे. गुणक १ ठेवला तर फायदा असा येतो:

```
G = 1 / (2 * (1 - rho))
```

०.९५ घातल्यावर तो नेमका १० पट, म्हणजे १० डेसिबल होतो. सर्वोत्तम गुणकापेक्षा तो फक्त एक दशांश डेसिबलने कमी आहे, शिवाय वजाबाकीत सरासरी आपोआप निघून जाते. मात्र सहसंबंध ०.५ च्या खाली गेला की हीच वजाबाकी सिग्नल वाढवून ठेवते, त्यामुळे ती सरसकट वापरू नये. आणि भरकटण्याचे कारण गुणकाच्या अपूर्णांकात नाही. गुणक १ केल्यावरही तापमान असेच सरकेल.

जुना_एक्सचेंजवाला

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून आमच्याकडचा अनुभव सांगतो. आमच्या लाइनवर एका आवाजाला सेकंदाला ६४ हजार बिट लागत आणि नंतर आलेल्या जुळवून घेणाऱ्या डीपीसीएमने तेच काम ३२ हजारांत होऊ लागले. सेकंदाला ८ हजार नमुने घेतलेल्या बोलण्यात शेजारच्या नमुन्यांचा सहसंबंध साधारण ०.८५ धरत. त्यावरून पहिल्या क्रमाच्या अंदाजाने जेमतेम साडेपाच डेसिबल मिळतात, म्हणून तिथे आकडा ठरावीक पायऱ्यांत बसवणाऱ्या क्वांटायझरची पायरी आणि अंदाज बांधणारा प्रेडिक्टर दोन्ही बोलण्याप्रमाणे बदलत ठेवावे लागत. तुमच्या तापमानाला एवढा खटाटोप लागणार नाही.

पण त्या यंत्रांतली एक गोष्ट मला तुमच्या वर्णनात दिसली नाही. तिथे कोडरच्या पोटातच एक पूर्ण डिकोडर असे. पलीकडच्या टोकाला काय ऐकू जाणार आहे ते कोडर आधी स्वतः काढत असे आणि पुढचा अंदाज त्यावरून बांधत असे. तुम्ही सेन्सरच्या मूळ वाचनावरून अंदाज बांधत आहात. ते मूळ वाचन रिसीव्हरकडे आहे कुठे?

धरमपेठ_संकेतप्रक्रिया

काकांनी नेमके वर्म सांगितले. कटलर यांच्या १९५२ साली मंजूर झालेल्या पेटंटपासून डीपीसीएमची रचना अशीच आहे, की क्वांटायझर अंदाज, वजाबाकी आणि परत बेरीज यांच्या फेऱ्याच्या आत असतो. बागाईतदारांच्या रचनेत तो फेऱ्याबाहेर राहिला आहे. याचा परिणाम हाताने करून पाहण्याइतका सोपा आहे.

तुमचा ८ बिटांचा क्वांटायझर पूर्वीचाच पल्ला राखून खालचे चार बिट टाकतो, म्हणजे त्याची पायरी ०.०६२५ च्या सोळा पट, पूर्ण १ अंश झाली आहे. सोयीसाठी गुणक १ धरू, कारण तुमचा ०.९९८८ त्याला अगदी लागून आहे. समजा सकाळी तापमान २८.०, २८.४, २८.८, २९.२, २९.६ आणि ३०.० असे चढत गेले. तुमच्या यंत्रात प्रत्येक फरक ०.४ आहे आणि १ अंशाच्या पायरीला तो दर वेळी शून्य होतो. रिसीव्हरला पाच वेळा शून्य मिळते, तो २८ वरच बसून राहतो आणि शेवटी २ अंशांची चूक साचते. प्रत्येक टप्प्यावरची चूक लहानच होती, पण मागच्या टप्प्यांच्या चुका रिसीव्हर विसरत नाही आणि पाठवणाऱ्याला त्यांचा पत्ताच नसतो.

आता पाठवणाऱ्याने मागचे मूळ वाचन न घेता रिसीव्हरने उभारलेले वाचन घ्यावे. २८.४ मधून २८ वजा केले, ०.४ उरले, शून्य गेले, रिसीव्हर २८ वर राहिला. पुढे २८.८ मधून तेच २८ वजा केल्यावर ०.८ उरतात, म्हणून १ जातो आणि रिसीव्हर २९ वर येतो. २९.२ ला शून्य, २९.६ ला १, आणि ३०.० ला रिसीव्हर आधीच ३० वर पोहोचलेला असतो. वाटेत कुठेही अर्ध्या पायरीपेक्षा जास्त चूक झाली नाही. अंदाज दोन्हीकडे एकच असल्यामुळे उभारलेल्या वाचनातली चूक ही केवळ त्या क्षणीच्या क्वांटायझरची चूक असते, मागचे काहीही तिच्यात मिसळत नाही.

मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढचा आहे. क्वांटायझर बाहेर ठेवला आणि त्याच्या चुका एकमेकींशी असंबद्ध धरल्या, तर रिसीव्हरच्या बेरजेतून गोंगाटाचा व्हेरियन्स एक भागिले एक वजा गुणकाचा वर्ग इतक्या पटीने वाढतो. सर्वोत्तम गुणक सहसंबंधाइतकाच असतो, म्हणून ही पट नेमकी फायद्याएवढीच भरते. ०.९५ ला प्रेडिक्टरने मिळवलेले १०.१ डेसिबल रिसीव्हरवर साचणारा गोंगाट जसेच्या तसे परत घेतो आणि प्रत्येक वाचन अंदाजाशिवाय पाठवणाऱ्या साध्या पीसीएमपेक्षा काहीही जास्त हाती लागत नाही. तुमच्या उदाहरणात तर चुका असंबद्धही नाहीत, चढत्या तापमानात त्या सगळ्या एकाच दिशेच्या असतात, म्हणून प्रत्यक्षात याहून वाईट होते.

हिंगणा_एम्बेडेड

उदाहरण पटले, पण माझ्या भट्टीचे कोडे सुटत नाही. मीही मूळ वाचनांचीच वजाबाकी करतो, फेरा वगैरे काही नाही, आणि तरी कधी एका अंशाचाही फरक पडलेला नाही.

धरमपेठ_संकेतप्रक्रिया

तुम्ही सेन्सरचे पूर्णांक वजा करून तो फरक एकही बिट न टाकता पाठवत असाल. तसे असेल तर क्वांटायझर तुमच्याकडे आहेच कुठे? सेन्सरने आधी केलेल्या मोजणीनंतर काहीच हरवत नाही, म्हणून फेरा आत असो की बाहेर, उत्तर सारखेच येते. ती बिनतोटा पद्धत झाली आणि तिच्यापुरती अगदी बरोबर आहे. फरकाचा एक बिट जरी टाकलात तरी आकडे सरकू लागतील.

काटोलचा_बागाईतदार

ताई आणि काका, मनःपूर्वक धन्यवाद. फेरा आत घेऊन आणि सरासरी वजा करून पाहिले, सरकणे पूर्ण थांबले. आता एक शंका उरते. खरा फायदा १०.१ डेसिबल असेल तर पावणेदोन बिटसुद्धा वाचत नाहीत. मग १२ वरून ८ बिटांवर येण्याचा विचार सोडून द्यावा का?

धरमपेठ_संकेतप्रक्रिया

सोडू नका, पण कोणते बिट कशाने वाचतात याचा हिशेब वेगवेगळा मांडा. सेन्सरच्या १२ बिटांत २५६ अंशांचा पल्ला मावतो, आणि काटोलला एवढा पल्ला कधीच लागणार नाही. पायरी ०.०६२५ च ठेवून सरासरीच्या दोन्ही बाजूंना चार प्रमाण विचलने, म्हणजे उणे २० ते अधिक २० अंश धरले तर ६४० पायऱ्या होतात आणि त्या १० बिटांत मावतात. हे दोन बिट प्रेडिक्टरशिवायच वाचले. आता उरलेल्या चुकीचे प्रमाण विचलन २.४४ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.५६ अंश आहे. तिलाही दोन्ही बाजूंना चौपट जागा दिली तर साडेबारा अंश, म्हणजे २०० पायऱ्या लागतात आणि त्या ८ बिटांत बसतात. इथे प्रेडिक्टरने १० चे ८ केले. गणिताने १.६८ बिट म्हटले असले तरी बिट पूर्ण संख्येतच घ्यावे लागतात, म्हणून या वेळी दोन वाचले.

म्हणजे ८ बिट शक्य आहेत, पण त्यांचा पल्ला उणे ८ ते जवळपास अधिक ८ अंश असा आवळलेला हवा आणि पायरी सेन्सरचीच हवी. प्रेडिक्शन गेन आपोआप बिट वाचवत नाही. उरलेल्या चुकीचा पल्ला लहान झाला म्हणून क्वांटायझरचा पल्ला लहान केला, तरच तो पदरात पडतो. तुम्ही पल्ला तोच ठेवून पायरी मोठी केली होती.

```
y = first
for x in rest:
    p = m + a*(y - m)
    q = round((x - p)*16)
    q = max(-128, min(127, q))
    send(q)
    y = p + q/16
```

इथे `m` म्हणजे सरासरी आणि `a` म्हणजे गुणक. रिसीव्हरने `p` आणि `y` याच दोन ओळींनी काढावेत.

हिंगणा_एम्बेडेड

या कोडात एक जोड सुचवतो. मायक्रोकंट्रोलर पूर्णांकांत आणि घरचा संगणक दशांशांत गणित करत असेल, तर दोन्हीकडचे `y` हळूहळू वेगळे होतील आणि फेरा आत घेऊनही आकडे पुन्हा सरकतील. दोन्हीकडे पूर्णांकच वापरा आणि गोलाईचा नियमही एकच ठेवा. गुणक ०.९५ ऐवजी १५/१६ घेतला तर गुणाकाराऐवजी चार घरांची शिफ्ट आणि एक वजाबाकी पुरते. मी आता हिशेब करून पाहिला, सहसंबंध ०.९५ असताना या गुणकानेही फायदा १०.२४ पट येतो, म्हणजे काहीच गमावत नाही.

काटोलचा_बागाईतदार

हे फारच सोयीचे झाले. पण मे महिन्यात दुपारी वादळ आले की आमच्याकडे तासाभरात तापमान धाडकन उतरते. उणे ८ च्या पलीकडची चूक आली तर काय होईल?

धरमपेठ_संकेतप्रक्रिया

समजा ४४ वरून तासाभरात ३२ झाले. ०.९५ च्या गुणकाने अंदाज ४३.४ येतो आणि चूक उणे ११.४. क्वांटायझर उणे ८ वर अडतो आणि रिसीव्हर ३५.४ वर थांबतो, म्हणजे त्या तासाचे वाचन ३.४ अंशांनी चुकते. पण हे ३५.४ पाठवणाऱ्यालाही माहीत आहे. पुढच्या तासाला ३१ असेल तर अंदाज ३५.२३ येतो, चूक उणे ४.२३, ती पल्ल्यात बसते आणि रिसीव्हर पुन्हा जागेवर येतो. सलग दोन-तीन वाचनांत `q` उणे १२८ ला चिकटलेला दिसला तर मात्र पल्ला अपुरा आहे असे समजावे. वादळाचा तो एक तास तुमच्यासाठीच महत्त्वाचा असेल, तर त्या टोकाच्या आकड्याला ‘पुढे पूर्ण वाचन येत आहे’ असा अर्थ देता येईल.

उलट बाजूची मर्यादाही ध्यानात असू द्या. उद्या आणखी बिट वाचवण्यासाठी पायरी फार मोठी केलीत, तर अंदाज गोंगाटलेल्या वाचनावरून बांधला जाईल आणि फायदा स्वतःच उतरेल. १ अंशाच्या पायरीला हा तोटा नगण्य आहे, पण ४ अंशांच्या पायरीला १०.१ चे सुमारे ८.४ डेसिबल होतात.

कळमेश्वर_शेतीवाला

आता बरेच उमगले. मी जमिनीतला ओलावा मोजतो. तो दिवसेंदिवस संथ उतरतो आणि पाणी दिले की एकदम वर जातो. वाचने तासाऐवजी दर दहा मिनिटांनी घेतली तर शेजारची वाचने आणखी सारखी होतील आणि फायदा वाढेल ना?

धरमपेठ_संकेतप्रक्रिया

दर वाचनामागचा फायदा वाढेल, पण वाचने सहापट होतील. दिवसरात्रीच्या गुळगुळीत लाटेचे उदाहरण घ्या. तासाच्या अंतराने सहसंबंध १५ अंश कोनाच्या कोसाइनइतका, म्हणजे ०.९६६ असतो आणि फायदा ११.७ डेसिबल. दहा मिनिटांना तो २७.२ डेसिबल होतो. म्हणजे दर वाचनामागे अडीच बिट जास्त वाचले, पण सहापट वाचनांपुढे ते पुरे पडत नाहीत. सिग्नल गुळगुळीत नसून सतत थरथरत असेल तर वाढ याच्याही निम्मी होते. दहा मिनिटांची माहिती तुम्हाला खरोखर हवी असेल तरच ती घ्या. पाणी देण्याच्या उसळीला वर सांगितलेली पूर्ण वाचनाची युक्ती लागू पडेल.

जुना_एक्सचेंजवाला

एक गोष्ट कुणी काढली नाही. एखादे पॅकेट वाटेत बिघडले तर? गुणक १ असेल तर आलेली चूक तशीच राहते, ०.९५ असेल तर साधारण चौदा वाचनांत निम्मी होते. आमच्याकडे गुणक मुद्दाम एकापेक्षा कमी ठेवण्यामागे हेही कारण असे.

काटोलचा_बागाईतदार

काका, माझ्या प्रत्येक पॅकेटची सुरुवात पूर्ण वाचनाने होते आणि बिघडलेले पॅकेट तपासणीतच गळते, त्यामुळे चूक एका दिवसापलीकडे जात नाही. तरी १५/१६ च ठेवतो.

आता मला वेगळेच डोक्यात येत आहे. मागच्या तासाऐवजी कालच्या याच तासाचे वाचन रिसीव्हरकडे असतेच. दोन्ही मिळून अंदाज बांधला तर?

धरमपेठ_संकेतप्रक्रिया

मग तो पहिल्या क्रमाचा राहणार नाही, आणि पॅकेट हरवले की दुसऱ्या दिवशीचा अंदाजही बिघडेल. स्वच्छ उन्हाच्या दिवसांत फायदा वाढावा असे वाटते, ढगाळ दिवसांत तो उलटही पडू शकेल. तुमच्या नोंदींवरच दोन्ही पद्धतींनी उरलेल्या चुकीचा व्हेरियन्स काढून इथे टाका, सरासरी वजा करून.

हिंगणा_एम्बेडेड

माझे मत अजूनही असे, की २४ वाचनांच्या पॅकेटसाठी बिनतोटा वजाबाकी करावी आणि लहान फरकांना कमी लांबीचे कोड द्यावेत, म्हणजे वादळाची वेगळी सोय लागत नाही. नोंदी टाकल्यात तर त्यावर मी तेही मोजून देतो.